सोसायटीच्या ग्रुपवरचा ‘न्यूटन’ आणि मोबाइलमधला दगड

“हे फिजिक्सचे पझल गेम म्हणजे न्यूटनचं चालतंबोलतं पुस्तक. g ला 9.8 दिलं की पडणं हुबेहूब खरं. जड वस्तू आधी पडते, हलकी मागे राहते. चेंडू फळीतून आरपार गेला तर दोष स्लो मोबाइलचा. आणि वजनं खरी दिली की रचलेल्या वस्तू खऱ्यासारख्याच उभ्या राहतात. मुलांना खेळू द्या!”

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे तीन वेळा येऊन गेलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा शेजारच्या काकूंनी मला टॅग करून विचारलं, “तू हेच काम करतोस ना रे? खरंय का?” मुलांना खेळू द्या, त्याला माझी हरकत नाही. बाकीच्याचं मात्र एकेक करून बघू.

9.8 या आकड्यात जादू नाही, कारण तो कशाच्या मापात धरायचा हे गेम बनवणारा ठरवतो. गेममधल्या वस्तूंच्या हालचालींचा हिशेब करणारं बॉक्स-टूडी हे एरिन कॅटो यांचं इंजिन ‘अँग्री बर्ड्स’मध्येही आहे, आणि ते मीटर, किलो, सेकंदात हिशेब करतं. नवखा माणूस पडद्यावरचा एक पिक्सेल म्हणजे एक मीटर धरून बसतो. मग 500 पिक्सेल वरून सोडलेला चेंडू इंजिनच्या लेखी 500 मीटरवरून पडत असतो आणि खाली यायला दहा सेकंद घेतो. आकडा बरोबर, पण चेंडू फुग्यासारखा तरंगतो.

माप नीट धरलं तरी ‘हुबेहूब’ जमत नाही. इंजिनला सलग वेळ माहीतच नसतो. ते सेकंदाचे साधारण 60 तुकडे, म्हणजे पावलं, करतं आणि प्रत्येक पावलात वेग v आणि जागा x एवढंच बदलतं, dt म्हणजे एका पावलाचा वेळ:

```
v = v + g * dt
x = x + v * dt
```

g सोयीसाठी 10 धरू. वहीत एका सेकंदात 5 मीटर पडायला हवं. वरच्या दोन ओळी 60 वेळा चालवल्या की उत्तर येतं 5.08 मीटर, आणि सेकंदाची 30च पावलं केली तर 5.17. म्हणजे पावलाचा आकार मोबाइलच्या वेगाला बांधला, तर तोच नेम एका फोनवर लागेल आणि दुसऱ्यावर हुकेल. म्हणून पाऊल पक्कं ठेवतात. फोन मागे पडला तर एका चित्रामागे दोन पावलं टाकतात, पण पाऊल मोठं करत नाहीत.

आता त्या दोन ओळींत वस्तुमान शोधा. नाहीच. शंभर किलो असो की शंभर ग्रॅम, पडणं सारखंच. हवासुद्धा नसते, डॅम्पिंग नावाचा एक आकडा वेग थोडा थोडा खातो, पण बॉक्स-टूडीत तोही वजन बघत नाही. एखाद्या गेममध्ये पीस डुलत डुलत खाली येत असेल, तर कुणीतरी त्या पिसाला वेगळं डॅम्पिंग किंवा कमी गुरुत्व हाताने दिलेलं आहे. जड वस्तू आधी पडते ही गॅलिलिओच्याही आधीची समजूत आहे. ती निदान इंजिनच्या माथी मारू नका.

आरपार जाण्याचं खापर मोबाइलवर फोडणं सोपं, पण नवाकोरा महागडा फोनही यातून सुटत नाही. समजा 20 सेंटिमीटर रुंदीचा चेंडू सेकंदाला 30 मीटर वेगाने येतोय. एका पावलात तो अर्धा मीटर पुढे सरकतो. फळी 10 सेंटिमीटर जाडीची. इंजिन फक्त पावलाच्या शेवटी बघतं की दोघं एकमेकांना भिडलेत का, आणि भिडलेले दिसायला चेंडू फक्त 30 सेंटिमीटरच्या पट्ट्यात सापडू शकतो. उरलेल्या 20 सेंटिमीटरमध्ये पाऊल पडलं तर एका चित्रात चेंडू फळीअलीकडे, पुढच्यात पलीकडे. म्हणजे पाचातल्या दोन वेळा टक्कर झालीच नाही! यावर उपाय आहे: दोन पावलांमधला मार्ग तपासून नेमकी कुठे टक्कर झाली असती ते काढायचं. बॉक्स-टूडी न हलणाऱ्या भिंतींसाठी हे आपोआप करतं, पण ढकलली की पडेल अशा फळीसाठी चेंडूला `bullet` म्हणून खूण करावी लागते. ती विसरली की बनवणाऱ्याची चूक. मीही विसरलोय.

राहिली रचलेल्या वस्तूंची गोष्ट. यात मी स्वतः चांगला फसलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका लेव्हलमध्ये जमिनीवर एक किलोची फळी आणि तिच्यावर 100 किलोचा दगड ठेवला. वजनं अगदी खरी. खेळ सुरू झाला की दगड फळीत आणि फळी जमिनीत किंचित रुतायची, मग सगळं थरथरायचं, कधी फळी बाजूला उडायची. दोन दिवस मी चित्रांच्या कडा तपासत बसलो.

कारण असं की इंजिन सगळ्या स्पर्शांचा हिशेब एकदम करत नाही. एकेका जोडीला पकडून तिचा परस्परांत घुसण्याचा वेग शून्य करतं, मग पुढची जोडी, अशा काही फेऱ्या मारतं. बॉक्स-टूडीच्या जुन्या आवृत्त्यांत साधारण 8. पहिल्या पावलात गुरुत्वाने दगड आणि फळी दोघांना खाली 0.167 मीटर प्रतिसेकंद वेग दिला. आधी जमीन आणि फळी: फळी थांबली. मग फळी आणि दगड: दोघांचा वेग एक करायचा, पण दगड शंभरपट जड, त्यामुळे फळीच त्याच्या वेगाने खाली निघाली. दगडाचा वेग जेमतेम एक टक्का कमी झाला. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. आठ फेऱ्यांनंतरही दगडाकडे 92 टक्के वेग शिल्लक, आणि जमीन मध्ये असूनही तो खालीच चाललेला!

आता उलटं करा. दगड खाली, फळी वर. पहिल्याच फेरीत फळीचा वेग एक टक्क्यावर येतो, दुसरीत जवळजवळ संपतो. तीच वजनं, तेच इंजिन, फक्त क्रम बदलला. दहीहंडीच्या थरातही दणकट गडी खाली उभे करतात, त्यांची कारणं वेगळी असली तरी.

इंजिन मागच्या पावलातला दाब लक्षात ठेवून पुढचा हिशेब तिथून सुरू करतं, त्यामुळे काही पावलांत दगड सावरतो. पण तोवर जे रुतायचं ते रुतलेलं असतं आणि ते बाहेर ढकलताना थरथर होते. त्याशिवाय वस्तू अर्धा सेंटिमीटर एकमेकांत घुसलेल्या असल्या तरी बॉक्स-टूडी ते मुद्दाम चालवून घेतं, नाहीतर स्पर्श सारखा तुटत-जुळत राहील. नव्या तिसऱ्या आवृत्तीत फेऱ्या वाढवण्याऐवजी पावलाचेच लहान तुकडे पाडतात, त्याने रचना बरीच घट्ट राहते. तरी एकमेकांना टेकणाऱ्या वस्तूंत दहापटीहून जास्त फरक ठेवू नये, हा जुना सल्ला मी अजून पाळतो.

त्या लेव्हलमधला दगड मी शेवटी 8 किलोचा केला. चित्र तेच, पडल्याचा धप्प आवाज तोच. काकूंच्या नातवाने तो फळीवर ठेवला, फळी हलली नाही, आणि तो म्हणाला, “बापरे, केवढा जड आहे!”