मोठी ऑर्डर आली की आधी हो म्हणा, हिशोब काय पळून जातोय का

अचानक फोन येतो, समोरचा म्हणतो 3000 कापडी पिशव्या हव्यात, छपाईसकट, 20 दिवसांत. अशा वेळी वही-पेन शोधणारे लोक आयुष्यात पुढे जात नाहीत. तुम्ही लगेच "झालं समजा" म्हणा आणि फोन ठेवायच्या आत घरच्या ग्रुपवर टाका, म्हणजे मग नाही म्हणायची वाटच बंद.

कोणी खवचटपणे विचारलंच की दिवसाला किती पिशव्या निघतात, तर कटिंगचा आकडा सांगा. कटिंग दिवसाला 400 होतं, शिलाई 150 होते, आणि छपाई झालेल्या पिशव्या वाळत घालायच्या रॅकवर मावतात फक्त 100, त्यात शाई वाळायला रात्र जाते. म्हणजे कात्री कितीही जोरात चालवली तरी दिवसाला 100 च पिशव्या बाहेर पडणार, पण हे रॅकचं प्रकरण फार कंटाळवाणं आहे. त्यापेक्षा दोन नवीन शिलाई कारीगर घ्या, छपाईच्या टेबलापाशी शिवलेल्या पिशव्यांचा ढीग चढत जाईल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल काय धंदा चाललाय!

आणि त्या 100 मधल्या 60 रोज जुन्या गिऱ्हाइकांच्या असतात हे तर अजिबात आठवू नका. मोकळ्या 40 च उरतात, पण जुनी माणसं आपलीच आहेत, थांबतील. थांबली नाहीत तर कुठे गेली ते नंतर बघू, आत्ता कशाला.

दिवस मोजतानाही मन मोठं ठेवा. 20 म्हणजे 20. कापड यायला 4 दिवस, नमुना पास व्हायला 3 (कारण ज्यांनी लोगोचा रंग बघायचाय ते साहेब नेमके बाहेरगावी), 2 सुट्ट्या, पॅकिंग आणि गाडीला 1, असं वजा करत बसलं तर हातात 10 च दिवस राहतात आणि रोजच्या 40 ने 400 पिशव्या होतात. जुन्यांचं काम पूर्ण बंद ठेवलं तरी 1000. आता सांगा, असली गणितं करून कोणाचा उत्साह टिकेल?

गिऱ्हाइकाशी दराचं बोलणं तर एका दमात उरका. एवढी क्वांटिटी आहे तर 10 टक्के कमी करा असं ते म्हणणारच, करून टाका. तुमची नेहमीची विक्री 100 धरली तर 60 सामानाचे, 20 मजुरीचे आणि 20 तुमचे, म्हणजे 10 टक्के सूट दिली की तुमचा निम्मा नफा गेला, पण ऐकायला फक्त दहाच टक्के वाटतं ना, मग झालं तर. पुढे निम्मं काम रात्री दुप्पट मजुरीने करून घेतलं की 20 ची मजुरी 30 होते आणि उरलेले 10 पण संपले. आता घाईत शंभरात 5 पिशव्यांवर शाई पसरणारच, त्या परत कराव्या लागतात, म्हणजे आणखी 3 चं सामान खिशातून. मजुरी तर वेगळीच. फुकट राबलात तर निदान बरोबरी झाली असती, इथे प्रत्येक पिशवीमागे तुम्हीच भर घालताय. पण 3000 चा आकडा केवढा भारी दिसतो.

ॲडव्हान्स मागू नका, वाईट दिसतं. कापडवाला रोख मागतो आणि गिऱ्हाईक माल मिळाल्यावर 45 दिवसांनी देणार, मधली फट उसनवारीने भरा, त्याचं व्याज भावात धरायचं असतं हे कोणाला सांगू नका. उशिराचा दंड कागदावर बारीक अक्षरात लिहिलेला असतो, चष्मा असला तरी काढून ठेवा.

नेहमीच्या रंगाचं कापड तेवढं मिळतंय का हे ऑर्डर घेण्याआधी दुकानदाराला विचारणंही टाळा. तो म्हणेल 800 पिशव्यांपुरतं आहे, बाकीचं पुढच्या लॉटमध्ये आणि त्यात शेड थोडी वेगळी येईल. उगाच एका फोनने मूड जातो.

काही भित्रे लोक उत्तर द्यायला एक दिवस मागून घेतात, छपाई बाहेर कोण करून देईल ते विचारतात, त्याच्याकडून एक नमुना काढून आपल्या रंगाशी ताडून बघतात आणि मग भाव सांगतात. तुम्ही तसं करू नका. आणि गिऱ्हाइकाला "सगळ्या पिशव्या एकाच दिवशी लागणारेत का" हे तर चुकूनही विचारू नका, कारण बऱ्याचदा तो म्हणतो, "छे हो, कार्यक्रमाला 400 पुरेत, बाकीच्या पुढच्या दोन महिन्यांत दिल्या तरी चालेल."