चौथ्या चिठ्ठीबद्दल माझं म्हणणं

ग्राहकाचा अभिप्राय, एक तारा: "लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घरात चिठ्ठ्या शोधायचा खेळ यांच्याकडून लिहून घेतला. ६५० रुपये घेतले आणि सातातली चौथी चिठ्ठी दिलीच नाही. एक चिठ्ठी वाचता येत नव्हती. बायको तासभर घरभर फिरली, शेवटी मीच पेटी उघडून साडी हातात दिली. पैसे वाया."

भाऊ, नमस्कार. वहिनींना त्या दिवशी त्रास झाला, त्याची मनापासून माफी मागते. माठाखालची चिठ्ठी फिसकटली ती माझी चूक. जेल पेनची शाई पाण्याची असते, ओल लागली की पसरते. माठाची जागा आहे हे मला माहीत होतं, तिथं साधा बॉलपेन वापरायचा होता.

पण चौथी चिठ्ठी दिलीच नाही, हे मला मान्य नाही. मी सातही चिठ्ठ्या दुकानाच्या काउंटरवर ओळीनं मांडून फोटो काढला आणि तुमच्या मोबाईलवर पाठवला. प्रत्येकीच्या मागं पेन्सिलीनं आकडा आहे, चारचाही दिसतो. तुम्ही "मिळाल्या" असं उत्तरही दिलं होतं.

मी हा खेळ शेवटाकडून लिहिते. आधी साडी कुठं ते ठरवायचं. तुमच्याकडे ती वहिनींच्या माहेरच्या लोखंडी पेटीत होती, म्हणून सातवी चिठ्ठी सगळ्यात आधी लिहिली, ती पेटीकडे नेणारी. मग सातवी कुठं ठेवायची ते ठरवून सहावी, असं मागं मागं येत पहिली, जी तुम्ही चहासोबत हातात द्यायची होती. प्रत्येक चिठ्ठी पुढच्या जागेबद्दल बोलते आणि स्वतः आधीच्या जागी असते. त्यामुळे मधली एक गेली की पुढचं सगळं तिथंच थांबतं. घरात नेहमी हलणाऱ्या वस्तूंची जागा मी म्हणूनच घेत नाही. देवघर, बंगई, शिलाई मशीन, पाटा, पेटी, या जागा संध्याकाळपर्यंत जिथल्या तिथं असतात.

चौथ्या चिठ्ठीसाठी कापसाच्या खोलीची जागा तुम्ही सांगितली, भाऊ. वहिनी नवीन आल्या त्या वर्षी सीतादहीची, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा त्यांच्याच हातून झाली होती, हे तुम्ही फोनवर सांगितलं. मलाही ते इतकं आवडलं की मी नाही म्हणू शकले नाही. तिसऱ्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं:

"भात ठेवला तासात, सीतादहीची पूजा;
त्या पांढऱ्या सोन्याजवळ पत्ता मिळेल दुजा."

हे लिहायला मला अख्खी दुपार गेली. पण त्याच फोनवर मी विचारलं होतं, कापूस इतक्यात विकणार नाही ना? तुम्ही म्हणालात, भाव नाही, महिनाभर घरातच राहील. तरी मी चौथ्या चिठ्ठीला लाल दोरा लावून दिला आणि सांगितलं, ढिगात खोचू नका, खोलीच्या खिडकीच्या गजाला बांधा. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा तुम्हीच बोललात की चिठ्ठी ढिगात खोचली होती, आणि पहाटे गाडी मिळाली म्हणून धाकट्या भावानं कापूस भरून जिनिंगला नेला. कापसाला गाडी मिळाली तर कोण थांबेल? मीही शेतकऱ्याच्याच घरची आहे. पण चिठ्ठी त्या गाडीत गेली, माझ्या दुकानात राहिली नाही.

आणि चिठ्ठ्यांच्या पिशवीतच एक बंद पाकीट होतं. त्यात सातही जागांची यादी आणि प्रत्येक चिठ्ठीचा मजकूर होता. वहिनी कापसाच्या खोलीत अडकल्या तेव्हा चौथा मजकूर वाचून दाखवला असता, तर त्या तिथून बंगईकडे गेल्या असत्या. पाकिटावर "फक्त दादांसाठी" एवढंच लिहिलं होतं. कशासाठी आहे ते मी तोंडानं नीट सांगितलं नाही, तेवढी कमी माझी.

तुमचा अभिप्राय आल्यापासून दोन जणांनी फोन करून आगाऊ पैसे परत मागितले. मी दिले. आर्वी तालुक्यात माझं एवढंसं दुकान, झेरॉक्स आणि वह्यांवर चालतं, त्यात या चिठ्ठ्यांचे पैसे घराला लागतात. सात चिठ्ठ्यांना मला दोन दिवस लागतात, एकही छापलेली नसते.

आता मी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहीन आणि पेनाचंही बघते. चौथी आणि माठाखालची, दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा लिहून ठेवल्या आहेत, पैसे नकोत. बाजाराच्या दिवशी वहिनींनाही घेऊन या. सीतादहीची चिठ्ठी त्यांनी नीट वाचली की नाही, तेवढं मला विचारायचं आहे.