बंदी पासवर नाही, हातावर आहे
"फुटबॉलमध्ये १९९२ पासून गोलकीपरकडे मागे पास देण्यावर बंदी आली."

नाही. बंदी आहे ती सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू हाताळण्यावर. डोक्याने किंवा छातीने दिलेला चेंडू गोलकीपर आजही खुशाल उचलतो. १९९० च्या विश्वचषकात आयर्लंड-इजिप्त सामना ०-० सुटला. त्यात आयर्लंडचा पॅकी बॉनर पास घेऊन चेंडू हातात धरून बसायचा. असला कंटाळवाणा वेळकाढूपणा मोडायला नियम आला, आणि बरंच झालं.

खरा बदल बचावपटूच्या पासात दिसतो. पास गोलच्या तोंडावर नव्हे, खांबाच्या बाहेरच्या अंगाला द्यायचा. गोलकीपरचा पाय हुकला तरी कॉर्नरवर निभावतं. स्ट्रायकर अंगावर आला म्हणून गोलकीपरने घाबरून चेंडू उचलला, तर समोरच्या संघाला पेनल्टी नाही, थेट गोल मारता न येणारी इनडायरेक्ट फ्री किक मिळते.