फिफोकडून सरासरीकडे जाताना ओपनिंग स्टॉकला हात लावू नका

"१ एप्रिलपासून फिफो सोडून वेटेड ॲव्हरेज घ्यायचंय? सोपं आहे. टॅलीत आयटमची पद्धत बदला, ओपनिंग स्टॉक नव्या सरासरीने लावा, फरक भांडवल खात्यात टाका. बाजार चढता असेल तर स्टॉक कमी दिसतो आणि टॅक्स वाचतो. कारण कुणी विचारत नाही."

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदारांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. मी इथल्या फाउंड्र्यांचे हिशेब बघतो. त्यातल्या एकाने हा मेसेज वाचून तसं करूनही टाकलं आणि मग मला फोन केला. म्हणून एकेक वाक्य घेऊन सांगतो.

सुरुवात ओपनिंग स्टॉकपासून करू, कारण बाकी सगळी चूक तिथून निघते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. समजा २०२४-२५ मध्ये तुम्ही पिग आयर्न तीनदा घेतलं, दर वेळी २० टन, दर टनाला अनुक्रमे ३९,०००, ४२,००० आणि ४५,००० रुपये. वर्षभरात ४० टन भट्टीत गेलं, २० टन यार्डात उरलं. फिफोने उरलेला माल शेवटच्या खरेदीतला धरला जातो, म्हणून ३१ मार्चचा क्लोजिंग स्टॉक ९,००,००० रुपये. हाच आकडा ताळेबंदात गेला, त्यावर सह्या झाल्या आणि त्यावरच निघालेल्या नफ्यावर कर भरला गेला.

आता १ एप्रिलला हाच माल ४२,००० च्या सरासरीने ८,४०,००० चा कसा होईल? रात्रीत यार्डातून काही हललेलं नाही. आयकराच्या हिशेबासाठी साठ्याच्या मूल्यांकनाचं जे मानक आहे, आयसीडीएस २, त्यात हे स्पष्ट लिहिलंय: चालू धंद्यात वर्षाच्या सुरुवातीच्या साठ्याची किंमत म्हणजे मागच्या वर्षअखेरची किंमत. पद्धत बदलली तरी यात सूट नाही. नवी पद्धत वर्षाच्या शेवटच्या साठ्याला लागते. ओपनिंग ९,००,००० चंच राहतं, आणि नव्या सरासरीत तेच पहिली आवक म्हणून मिसळतं.

शिवाय 'नवी सरासरी' हा काही एकच आकडा नसतो. वरचे ४२,००० ही सगळ्या वर्षाची मिळून सरासरी आहे. प्रत्येक आवकेनंतर सरासरी नव्याने काढत गेलात तर माल कधी उचलला त्यावर दर ठरतो. पहिल्या दोन आवकांनंतर प्रत्येकी १५ टन आणि तिसरीनंतर १० टन वापरलं असेल, तर उरलेल्या २० टनांचा दर ४३,८०० येतो आणि साठा ८,७६,००० चा होतो. दोन्ही रीती मान्य आहेत. पण कुठली घेतली ते ठरवून लिहून ठेवावं लागतं आणि दरवर्षी तीच पाळावी लागते.

आता टॅक्स वाचतो का ते बघू. २०२५-२६ मध्ये ४० टन पिग आयर्न ४८,००० ने घेतलं, म्हणजे १९,२०,००० रुपयांचं. ४० टन वापरलं, पुन्हा २० टन उरलं. ओपनिंग ९,००,००० ठेवलं तर एकूण ६० टनांची किंमत २८,२०,०००, सरासरी ४७,०००, क्लोजिंग ९,४०,००० आणि वापरलेल्या मालाचा खर्च १८,८०,००० रुपये. फिफोच चालू ठेवलं असतं तर क्लोजिंग ९,६०,००० आणि खर्च १८,६०,००० आला असता. म्हणजे पद्धत नीट बदलली तर या वर्षीचा नफा २०,००० ने कमी होतो. चढत्या बाजारात एवढाच फरक पडतो, आणि तोसुद्धा पुढे ढकललेला असतो. दर उतरले की तो परत येतो.

मेसेजप्रमाणे केलं तर? ओपनिंग ८,४०,०००, एकूण २७,६०,०००, सरासरी ४६,०००, क्लोजिंग ९,२०,०००. खर्च येतो १८,४०,०००. योग्य हिशेबापेक्षा खर्च ४०,००० ने कमी झाला, म्हणजे करपात्र नफा तेवढ्याने वाढला! फिफोवर राहिला असतात तरी यापेक्षा कमी कर बसला असता.

हे असं होतं कारण मागच्या वर्षी ९,००,००० चा साठा जमेला धरून तुम्ही कर भरलाय. यंदा तेवढेच ९,००,००० खर्चात यायला हवेत. तुम्ही त्यातले ६०,००० थेट भांडवल खात्यात वळवलेत, त्यामुळे ते कुठल्याच वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून येणार नाहीत. ४०,००० चा फटका यंदा बसला आणि उरलेले २०,००० कमी झालेल्या क्लोजिंगमध्ये दडून पुढच्या वर्षासाठी बसलेत. बाजार उतरता असेल तर उलटं होतं. सरासरीने ओपनिंग वाढतं, ज्या रकमेवर कधी कर भरला नाही ती खर्चात येते, आणि ती नामंजूर व्हायला वेळ लागत नाही.

भांडवल खात्यातली नोंद कुठून आली असावी हे कळतं. ज्या कंपन्यांना इंड एएस लागू आहे त्या पद्धत बदलल्यावर मागचे आकडे नव्याने मांडतात आणि फरक राखीव नफ्यात टाकतात. पण तो नियम शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा मोठ्या नेटवर्थच्या कंपन्यांचा आहे, आणि त्यांनाही आयकराच्या हिशेबात मागचं क्लोजिंगच ओपनिंग धरावं लागतं. आपल्याकडच्या बहुतेक फाउंड्र्यांना एएस ५ लागतं. त्यात बदलाचा परिणाम त्याच वर्षाच्या आकड्यांत येतो आणि टिपेत सांगावा लागतो. वरच्या उदाहरणात टीप एवढीच: कच्च्या मालाचं मूल्यांकन फिफोऐवजी वेटेड ॲव्हरेजने केलं, त्यामुळे वर्षअखेरचा साठा आणि नफा २०,००० रुपयांनी कमी आहे.

टॅलीत नुसतं `Costing Method` बदलणं हे तर सगळ्यात फसवं. टॅली साठ्याची किंमत दरवेळी व्हाउचरवरून नव्याने काढतं. एकाच कंपनीत दोन वर्षांचा डेटा असेल तर पद्धत बदलताच मागच्या ३१ मार्चचा ताळेबंदही स्क्रीनवर बदलतो आणि सही केलेल्या कागदाशी जुळत नाही. आधी बॅकअप घ्या, जुनं वर्ष वेगळं करा आणि नव्या कंपनीत प्रत्येक आयटमचं ओपनिंग सही झालेल्या नगाने आणि रकमेने भरा. मग `Avg. Cost` निवडा. कुणी ओपनिंगची रक्कम बदलली असेल तर ताळेबंदात `Difference in opening balances` अशी ओळ दिसते. मला फोन आला होता त्या फाउंड्रीत ती ओळ आली म्हणून भांडवलाची सुरुवातीची शिल्लक कमी करून ती घालवली होती. आम्ही दोन्ही आकडे परत होते तसे केले आणि ती ओळ आपोआप गेली.

राहिलं कारण. आयसीडीएस २ मध्ये शब्द आहेत 'वाजवी कारणाशिवाय' पद्धत बदलू नये. फाउंड्रीकडे खरं कारण असतंच: जुनं-नवं पिग आयर्न एकाच ढिगात पडतं आणि चार्ज भरताना हाताला येईल ते उचललं जातं. हे स्टोअरच्या माणसाला विचारून, तारीख घालून, वर्ष सुरू होतानाच लिहून ठेवा. 'टॅक्स वाचतो' हे मात्र कारण म्हणून चालत नाही, आणि मार्चअखेर नफा बघून घेतलेला निर्णय ऑडिटरला लगेच ओळखू येतो.

कॅश क्रेडिट असेल तर बँकेलाही पत्र द्या. महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट फिफोने आणि ताळेबंद सरासरीने गेला तर मार्चच्या आकड्यांत २०,००० ची तफावत दिसेल, आणि खुलासा तुम्हालाच करावा लागेल.