ढग, लॅपटॉप आणि बिनबॅटरीची लॅब : एका प्रतिक्रियेला उत्तर

"लेखक महाशय, बॅटरीशिवाय सोलरवर कॉम्प्युटर लॅब हे फक्त कागदावर चालतं. एक ढग आला की सगळी लॅब बंद. लेझर प्रिंटर लावला तरी इन्व्हर्टर बंद पडेल. शाळांना खड्ड्यात घालू नका, आधी एखादं पॅनल हाताने बसवून बघा."

साहेब, मुद्दा नंतर, आधी ते शेवटचं वाक्य. मी वायरमन ट्रेडचा आयटीआय आहे, पत्र्यावर चढून स्ट्रक्चरचे बोल्ट आवळलेत, भर उन्हात एमसीफोर कनेक्टर लावलेत. असं बोलायच्या आधी विचारलं असतं तरी चाललं असतं, आणि "महाशय" म्हणून टोमणा मारायची तर काहीच गरज नव्हती.

प्रिंटरचं तुमचं बरोबर आहे, मान्य. लेझर प्रिंटरचा हीटर तापताना हजार वॉटच्या आसपास झटका देतो, त्याला सोलरच्या लाइनवर घ्यायचंच नाही, महावितरणच्या लाइनवर वेगळा ठेवायचा.

आता ढग. लॅबमध्ये डेस्कटॉप असतील तर तुम्ही म्हणता तसंच होतं, कारण डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, लाइन गेल्यावर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढाच तग धरतो. म्हणून तर मी लेखात लॅपटॉप म्हटलंय! लॅपटॉपची स्वतःची बॅटरी असते, सप्लाय दहा मिनिटं गेला तरी पोराला कळतसुद्धा नाही, फार तर पंखा थांबतो.

हिशोब करून बघा. १२ लॅपटॉप, चार्ज झालेले असताना साधारण २५ वॉटचे, म्हणजे ३००. तीन बीएलडीसी पंखे ९०, चार एलईडी ट्यूब ८०, राउटर-स्विच २०, इन्व्हर्टर स्वतः खातो तो ५० धरा. झाले ५४० वॉट. यासाठी ५४० वॉटची चार पॅनल, म्हणजे २१६० वॉट. लोडच्या चौपट का, तर ढगासाठीच. तापलेल्या पत्र्यावर दुपारी १६०० च्या आसपास मिळतात, पातळ ढगात साताठशे, तरी लॅब चालू राहते. काळ्या ढगात दोन-अडीचशेवर येतं, तेव्हा इन्व्हर्टर ट्रिप होणारच, ते मी नाकारत नाही, पण पोरांचं काम लॅपटॉपवर चालू असतं. प्रोजेक्टरचे अडीचशे वॉट वेगळ्या एमसीबीवर, आभाळ भरलं की तो आधी बंद करायचा.

तुम्ही कुठे लॅब बंद पडताना पाहिली असेल तर मला वाटतं ती ढगाने नाही, पुढच्या दोनपैकी एका कारणाने पडली असेल. एक, साधा ग्रिड-टाय, म्हणजे लाइन असेल तरच चालणारा इन्व्हर्टर बसवला असेल. लाइन गेली की तो नियमानेच दोन सेकंदांच्या आत बंद होतो, वर कितीही ऊन असो, कारण खांबावर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये. लोडशेडिंगच्या गावात त्याचा काय उपयोग? इथे सोलर आणि लाइन दोन्हीवर, बॅटरी न जोडता चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि ते माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, कारण बरेच मॉडेल बॅटरी नसेल तर चालूच होत नाहीत. लाइन असेल तेव्हा कमी पडलेली वीज तो तिथून घेतो.

दुसरं, सगळे रिकामे लॅपटॉप एकदम चार्जिंगला लावले असतील. वापर आणि चार्जिंग मिळून एकेक साठ वॉट ओढतो, म्हणजे नुसते लॅपटॉपच ७२०, पातळ ढगात मिळणारं जवळपास सगळं तेच खातात. ट्रिप होऊन इन्व्हर्टर परत उठला की सगळे अडॅप्टर पुन्हा एकदम ओढतात आणि तो पुन्हा बंद पडतो. ओळखायचं कसं, रिलेचा टक-टक आवाज येतो, चार्जिंगचं चिन्ह येतं-जातं आणि डिस्प्लेवर पीव्ही, म्हणजे पॅनलचं व्होल्टेज धाडकन खाली येतं. उपाय साधा आहे, अडॅप्टरचे दोन गट करा, सकाळी ऊन चढल्यावर एक गट, तो भरला की दुसरा.

पॅनल सिरीजमध्ये किती आहेत तेही बघा. बऱ्याच हायब्रिडची एमपीपीटी रेंज, म्हणजे पॅनलकडून त्याला लागणारं व्होल्टेज, १२० व्होल्टपासून सुरू होते. अशी चार पॅनल सिरीजमध्ये तापल्यावरही दीडशेच्या आसपास देतात, पण दोन-दोनच्या जोड्या केल्या तर ऐंशीच्या आत, मग सोलर पकडतच नाही आणि सगळे ढगाला दोष देतात.

बॅटरीचा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा मे महिन्यानंतर शाळेतल्या ट्युब्युलर बॅटऱ्या उघडून बघाव्यात. सुट्टीत डिस्टिल्ड वॉटर कोणी घालत नाही, प्लेटा उघड्या पडतात, सल्फेट धरतं, आणि जूनमध्ये बॅकअप दहा मिनिटांवर. नवीन घ्यायला पैसे कुठल्या हेडमधून? हे मी एका शाळेत स्वतः बघितलंय, लॅबला कुलूप लागलं ते बॅटऱ्यांमुळे, पॅनल चांगली होती.

कोकणात आषाढात चार-चार दिवस ऊन नसतं, तिथे लाइनवरच चालवावं लागेल, ते उघड आहे. बाकी तुमच्या पाहण्यातली लॅब असेल तर इन्व्हर्टरचं मॉडेल, सिरीजमध्ये किती पॅनल आणि बंद पडली तेव्हा डिस्प्लेवर पीव्ही व्होल्टेज किती होतं एवढं लिहा, मग बोलू.