मेल्यानंतरची सोय आहे, विसरल्यानंतरची नाही!

आईला स्मृतिभ्रंश झाला की कळतं, फोन, ईमेल आणि बँकवाल्या या सगळ्या कंपन्यांनी फक्त मरणाचा विचार करून ठेवलाय. अ‍ॅपलचा Legacy Contact घ्या, म्हणजे आपल्यामागे आपलं खातं कुणी उघडायचं ते नाव नोंदवायची सोय. नाव आधी नोंदवलेलं असलं तरी मृत्यूचा दाखला दिल्याशिवाय काही उघडत नाही. आपण नेमलेल्या माणसाला खात्यातली माहिती देणारं गूगलचं Inactive Account Manager किमान तीन महिने खातं निपचित पडल्यावर जागं होतं. पण आई रोज फोन हाताळतेय, मग खातं निपचित पडणार कसं? पासवर्ड मात्र तिला आठवत नाही!

बँकेतही तेच. नॉमिनीला हक्क खातेदार गेल्यावर. मुलं मुखत्यारपत्र घेऊन जातात, पण भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. म्हणजे गरज पडते तेव्हाच कागद निकामी! मग आईसाठी कायदेशीर पालक नेमून घ्यायला कोर्टात जा. दरम्यान मुलगी आईचा ओटीपी स्वतः टाकते, आणि नियमाच्या भाषेत चूक तिचीच ठरते. बिल भरायचं तरी कसं हो?

म्हणून निदान झाल्या झाल्या, आईला समजून सही करता येते तोवर, तिच्या संमतीनं बँक खातं संयुक्त करा, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती' या पद्धतीचं. पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवता यावं म्हणून तिच्या गूगल खात्यात Recovery phone या जागी आपला नंबर घाला. इतकं साधं काम, पण डॉक्टरांच्या खोलीत हे कुणीच का सांगत नाही?