शेंगदाणे पचतात, म्हणून तीळ पचेलच असं नाही

"आमच्या मुलाला शेंगदाणे, काजू चालतात, मग तिळाची ॲलर्जी कशी असेल? आणि तिळाच्या तेलात तर काहीच नसतं."

दोन्ही चुकीचं. तीळ हे बी आहे, त्यातली प्रथिनं वेगळी. काही जणांना फक्त तिळाचीच ॲलर्जी असते. रिफाइंड शेंगदाणा तेलातून प्रथिनं जवळजवळ निघून जातात, घाणीच्या तिळाच्या तेलात मात्र ती उरतात. त्यातली ओलिओसिन ही प्रथिनं पाण्यात विरघळत नाहीत. त्यामुळे त्वचेवरची चाचणी कधीकधी कोरी येते आणि घरचे निर्धास्त होतात.

वडोदऱ्यात हांडवा, पातरा यांवरचे तीळ दिसतात तरी. आमच्या मराठी घरांत खरा चोर गोडा मसाला. समजा, संक्रांतीला तिळगूळ खाऊन मुलाच्या अंगावर गांध्या उठल्या, तिळगूळ बंद केला, तरी आमटी-भात खाल्ला की ओठ सुजतातच. तेव्हा डाळीला दोष देण्याआधी मसाल्याची कृती विचारा. त्यात तीळ असतातच, फक्त भाजून दळलेले. पाकिटावरच्या ॲलर्जीच्या ओळीवर विसंबू नका. आपल्याकडच्या सक्तीच्या यादीत शेंगदाणा आहे, तीळ नाही. घटकांची पूर्ण यादी वाचा. श्वास लागला किंवा उलट्यांसोबत चक्कर आली, तर गोळी देऊन वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.